जकार्ताला नवा फोन नेताय? विमानतळावरच कस्टमचं काऊंटर गाठा

२०२३ मध्ये नोकरीसाठी जकार्ताला गेलो. बाहेरून आणलेल्या फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा ओळख क्रमांक, इंडोनेशियात कस्टमकडे नोंदवावा लागतो, नाहीतर तिथलं सिम त्यात चालत नाही. तिथे आधीपासून राहणाऱ्या एकाने सांगितलं होतं, "आयएमईआयचं नंतर बघता येतं, शहरात ऑफिस आहे." त्याच्या भरवशावर सामान उचलून सरळ बाहेर पडलो. हा 'नंतर' मला सुमारे २२० डॉलरला पडला.

चूक कळली तीही उशिरा, कारण भारतातलं सिम रोमिंगवर मस्त चालत होतं. बंदी फक्त इंडोनेशियन सिमवर येते. स्थानिक सिम घातलं आणि 'नो सर्व्हिस'. तेच सिम सहकाऱ्याच्या तिथेच घेतलेल्या फोनमध्ये लगेच चाललं, तेव्हा ट्यूब पेटली. वायफाय चालतं, त्यामुळे माणूस आणखी गाफील राहतो.

आता हिशेब. फोनची किंमत ९०० डॉलर धरा. विमानतळ सोडण्याआधी नोंदणी केली तर प्रवाशाला ५०० डॉलरची सूट मिळते, म्हणजे कर फक्त ४०० वर. त्यावर १० टक्के ड्युटी ४०. मग ४४० वर ११ टक्के व्हॅट, ४८ आणि थोडे सेंट. आणि त्याच ४४० वर आयकर: एनपीडब्ल्यूपी, म्हणजे तिथला टॅक्स नंबर, असेल तर १० टक्के, नसेल तर २०. नव्याने आलेल्याकडे तो कुठून असणार? म्हणजे ८८. एकूण सुमारे १७६. विमानतळ सोडलात की ६० दिवसांत कस्टम ऑफिसात नोंदणी होते खरी, पण सूट गेली. तोच हिशेब पूर्ण ९०० वर: ३९७ डॉलर. मी हेच भरले, दात-ओठ खात. (हे दर तेव्हाचे, निघण्याआधी चालू दर बघा.)

फॉर्म सोपा होता, तेव्हा इंडोनेशियन कस्टमच्या साइटवर भरला की क्यूआर कोड यायचा, तो काऊंटरवर दाखवायचा. *#06# डायल केल्यावर दोन सिमच्या फोनमध्ये दोन नंबर दिसतात, दोन्ही भरा. पासपोर्ट, बोर्डिंग पास आणि फोनचं बिल हाताशी ठेवा. बोर्डिंग पास मी विमानातच टाकून आलो होतो, मग ईमेलमधलं तिकीट शोधत बसलो. नोंद झाल्यावर सिम लगेच उठत नाही, दोनेक दिवस जातात. घाबरून पुन्हा फॉर्म भरू नका.

रस्त्यावरच्या दुकानात 'आयएमईआय अनलॉक' स्वस्तात करून देतात. त्या वाटेला जाऊ नका. पुष्कळदा ती पर्यटकांची ९० दिवसांची तात्पुरती नोंद असते, तीन महिन्यांनी फोन परत मुका. तुम्ही खरंच ९० दिवसांच्या आत परतणार असाल, तर तीच तात्पुरती नोंद सिम कंपनीच्या काऊंटरवर पासपोर्ट दाखवून रीतसर होते, कस्टमला काही द्यावं लागत नाही.

बाकी जकार्ता छान आहे.