वडिलांच्या नावाचं बिल आणि अडकलेलं सोलर अनुदान

छतावर सोलर बसवणं हा माझा धंदा. स्ट्रक्चर, पॅनल, इन्व्हर्टर, अर्थिंग हे दोन-तीन दिवसांत उरकतं. डोकं फिरतं ते कागदांनी.

एका गिऱ्हाईकाचा वापर महिन्याला साधारण ३०० युनिट, म्हणून ३ किलोवॉट ठरवलं. त्यावर पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजार अनुदान मिळतं: पहिल्या दोन किलोवॉटला ३०-३० हजार, तिसऱ्याला १८. सगळं सरळ दिसत होतं. फक्त वीजबिल वडिलांच्या नावावर होतं, आणि वडील वारून बरीच वर्षं झालेली. गिऱ्हाईकाने योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करायची घाई चालवली होती. मी म्हटलं, "दादा, थांबा. आधी बिलावर तुमचं नाव येऊ द्या." अनुदान ग्राहकाच्याच बँक खात्यात येतं. बिलावर एक नाव आणि खात्यावर दुसरं असलं की पॅनल बसल्यावरही पैसे लटकतात.

मग सुरू झालं नावबदलाचं प्रकरण. मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती, अर्ज, सगळं दिलं. वीज कंपनीच्या काउंटरवरचे साहेब म्हणाले, बहिणीचं ना-हरकत पत्र हवं. ते आणलं, तर थोडी थकबाकी निघाली. ती भरली, तर फाइल "वर गेली आहे". वर कुठे, ते कुणी सांगेना. हे सगळं पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून दिलं असतं तर काय बिघडलं असतं? मंजुरी आली, तरी पुढचं बिल पुन्हा वडिलांच्याच नावाने छापून आलं! त्याच्या पुढच्या बिलावर नाव बदललं, तेव्हाच मी नोंदणी करू दिली. तिथून पुढे, घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा नेट मीटर बसेपर्यंत काही अडलं नाही.

"आता बिल शून्य ना?" हा प्रश्न ठरलेला. नाही. वर्षाची सरासरी धरली तर ३ किलोवॉटमधून महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट निघतात, पण जुलै-ऑगस्टात बरेच कमी. उन्हाळ्यात शिल्लक राहिलेले युनिट पुढच्या बिलात वळते होतात, मात्र ३१ मार्चला हिशेब मिटतो आणि उरलेल्यांना किरकोळ दर मिळतो. म्हणून गरजेपेक्षा मोठा प्लांट लावून कमाई होत नाही. स्थिर आकार तर दर महिन्याला येणारच. आणि बॅटरी नसेल तर लाइट गेल्यावर भर उन्हातही घरात अंधार, कारण लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो.

हो, एक राहिलंच. पॅनल डीसीआर, म्हणजे भारतात बनलेल्या सेलचेच घ्या, नाहीतर अनुदान नाही. आणि ७८ हजार वजा करून किंमत सांगणाऱ्याला विचारा, आधी पूर्ण पैसे कोण भरणार? बहुतेक वेळा तुम्हीच भरता. अनुदान मागून येतं.