शटरवरचा एक शब्द : निर्वासित दर्जाच्या अर्जाचा माझा अनुभव

निर्वासित म्हणून दर्जा मागणाऱ्यांची निवेदनं तयार करायला मी मदत करतो. या कामात सगळ्यात जास्त अर्ज एकाच जागी अडकताना दिसतात. जिवाला धोका आहे हे अधिकाऱ्याला पटतं, तरी तो लिहितो, 'धोका आहे, पण करारातल्या कारणामुळे नाही.' हा शेरा कसा येतो, तो टाळता कसा येतो आणि आलाच तर हातात काय उरतं, एवढंच इथे लिहितो. उदाहरणाचा माणूस कोणी एक नाही. अनेक फाइलींत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी जोडून तो उभा केला आहे.

1951च्या निर्वासित कराराची व्याख्या कलम 1 अ (2) मध्ये आहे. माणूस स्वतःच्या देशाबाहेर असला पाहिजे. त्याला छळाची साधार भीती असली पाहिजे. ही भीती वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणामुळे असली पाहिजे. आणि त्याच्या देशाचं संरक्षण त्याला मिळत नसलं पाहिजे, किंवा त्या भीतीमुळे ते मागायला तो धजावत नसला पाहिजे. मूळ करारात 1 जानेवारी 1951च्या आधीच्या घटनांची अट होती, ती 1967च्या प्रोटोकॉलने काढली. या सगळ्यात लोक 'साधार भीती'वर पानंच्या पानं लिहितात आणि 'मुळे' या दोन अक्षरांकडे बघतही नाहीत. अर्ज पडतो तो बहुतेक वेळा या 'मुळे'पाशी.

आता उदाहरण. एका गावात गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक. गाव पाच महिने एका सशस्त्र गटाच्या ताब्यात. गटाची माणसं पिकअप घेऊन येतात, तीनदा त्याच्याकडून फुकट काम करून घेतात. त्यातल्या एका खेपेला तर मागच्या हौद्यात मशीनगनचा स्टँड वेल्ड करून घेतात. चौथ्या खेपेला तो नाही म्हणतो आणि त्याच रात्री नातेवाइकांकडे जातो. सकाळी गॅरेज फोडलेलं, भावाला मारलेलं, शटरवर रंगाने काहीतरी लिहिलेलं. आठवड्याभरात तो सीमा ओलांडतो.

सीमेवरच्या पहिल्या जबाबात हे सगळं तीन ओळींत उतरतं : 'गटाने फुकट काम मागितलं. नकार दिल्यावर गॅरेज फोडलं, भावाला मारहाण केली. शटरवर शिव्या लिहिल्या.' हे खोटं नाही. पण वाचणाऱ्याला यात खंडणीचा गुन्हा दिसतो, आणि खंडणी हे पाच कारणांपैकी एकही नाही. अशा जबाबावर नकार आला तर अधिकाऱ्याला दोष देता येत नाही.

म्हणून निवेदन लिहिताना मी 'काय झालं' हे विचारून झालं की 'ते काय बोलले' हे वेगळं विचारतो, आणि त्याच्या स्वतःच्या भाषेतले शब्द लिहून घेतो. 'शटरवर काय लिहिलं होतं?' एवढाच प्रश्न. 'तुम्हाला सरकारचा माणूस समजले का?' असं मात्र कधीच विचारायचं नाही. उत्तर तोंडात घातलं की मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं. मेकॅनिक सांगतो, शटरवर एकच शब्द होता, त्यांच्या भाषेत 'खबऱ्या' या अर्थाचा. भावाला मारताना विचारत होते, 'तो कोणाला बातम्या देतो?' दुभाष्याने त्या शब्दाची 'शिव्या' करून टाकली होती. अर्जाचा सगळा कणा त्या एका शब्दात होता.

कारण राजकीय मत प्रत्यक्षात असायलाच हवं असं नाही. छळणाऱ्याने ते त्याच्यावर लादलेलं असलं तरी चालतं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1993च्या वॉर्ड प्रकरणात हे स्पष्ट केलं, आणि छळ करणारं सरकारच असलं पाहिजे असं नाही, हेही तिथेच सांगितलं. उलट बाजूचं प्रकरणही ध्यानात ठेवावं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये इलियास-झकारियास खटल्यात म्हटलं की गनिमांनी जबरदस्तीने भरती करू पाहिली एवढ्यावरून राजकीय मतामुळे छळ झाला असं ठरत नाही. त्यांचा हेतू काय होता याचा काही तरी पुरावा लागतो, प्रत्यक्ष नसेल तर परिस्थितीजन्य. आमच्या मेकॅनिकच्या हातात नेमका तोच आहे : शटरवरचा शब्द आणि भावाला विचारलेला प्रश्न. भावाकडे शटरचा फोटो असेल तर उत्तम. नसेल तर तो शब्द मूळ लिपीत निवेदनात लिहायचा आणि शेजारी अर्थ द्यायचा.

पहिल्या जबाबात हे का नव्हतं, हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर निवेदनातच द्यावं, मुलाखतीची वाट बघू नये. जबाब वाचून दाखवला होता का, कोणत्या भाषेत, दुभाषी त्याच बोलीचा होता का, हे लिहावं. तारखांचंही तसंच. माणूस वेगळी दिनदर्शिका वापरत असेल तर तारीख त्याच्या दिनदर्शिकेत लिहायची आणि रूपांतर कंसात. अंदाजे असेल तर 'अंदाजे' लिहायचं आणि कशावरून ते सांगायचं, म्हणजे 'कापणी संपली होती' असं काही. ओढूनताणून दिलेली अचूक तारीख हा मला सगळ्यात महागात पडणारा नेमकेपणा वाटतो. दुसऱ्या वेळी ती चार दिवसांनी सरकते आणि मग सगळं निवेदनच संशयात येतं. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाच्या 1979च्या हँडबुकात वस्तुस्थिती शोधायची जबाबदारी अर्जदार आणि तपासणारा अधिकारी दोघांची धरली आहे, हे खरं. पण त्या भरवशावर निवेदन अर्धवट सोडू नये.

भीती किती मोठी असावी लागते? लोक समजतात त्यापेक्षा कमी. 1987च्या कार्दोझा-फोन्सेका खटल्यात अमेरिकी न्यायालयाने म्हटलं की दहात एक शक्यता असली तरी भीती साधार असू शकते. म्हणून 'नक्की मारतील' असं लिहायची गरज नसते. ते अधिकाऱ्याला पटतही नाही.

यानंतरचा प्रश्न हमखास येतो : गट तर त्या पट्ट्यातच आहे, मग राजधानीत जाऊन का राहिला नाहीत? इथे मेकॅनिक मान खाली घालतो, कारण मशीनगनचा स्टँड त्याने पहिल्या जबाबात सांगितलेला नाही. राजधानीच्या वाटेवर सरकारी नाके आहेत आणि 'बंडखोरांच्या गाड्या बनवणारा' म्हणून त्याचं नाव तिथे पोचलेलं असू शकतं. म्हणजे लपवलेली गोष्टच त्याच्या दुसऱ्या भीतीचा पुरावा आहे. मात्र तिला दुसरी धारही आहे. कलम 1 फ नुसार युद्धगुन्हा, मानवतेविरुद्धचा गुन्हा किंवा आश्रयाच्या देशात येण्याआधी बाहेर केलेला गंभीर बिगर-राजकीय गुन्हा असं काही केल्याचं मानायला गंभीर कारण असेल, तर करार लागूच होत नाही. बंदुकीच्या धाकाखाली एक स्टँड वेल्ड केला म्हणजे युद्धगुन्ह्यात साथ दिली असं होत नाही. त्यासाठी गुन्ह्याची माहिती, त्यात भरीव हातभार हे सगळं दाखवावं लागतं, आणि जबरदस्ती हा बचाव आहेच. पण तो बचाव घ्यायचा तर गोष्ट आधी सांगावी लागते. कोण समोर उभं होतं, हत्यार होतं का, नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, पैसे घेतले का. सांगितलेला स्टँड ही अडचण असते. दुसऱ्या कोणाच्या जबाबातून बाहेर आलेला स्टँड सगळा अर्ज बुडवतो.

आता समजा, एवढं करूनही शेरा आला : 'हेतू पैशाचा, राजकीय नाही.' म्हणजे व्याख्येच्या दारातून आत जाता आलं नाही. परत न पाठवण्याचं तत्त्व, म्हणजे नॉन-रिफाउलमेंट, इथे संपतं असं पुष्कळांना वाटतं. निर्वासित कराराच्या कलम 33 पुरतं ते खरं आहे, कारण त्यातही धोका त्याच पाच कारणांमुळे असावा लागतो. शिवाय कलम 33 (2) मध्ये अपवाद आहे : देशाच्या सुरक्षेला धोका मानायला वाजवी कारण असलेला, किंवा विशेष गंभीर गुन्ह्यात अंतिम शिक्षा होऊन समाजाला धोका ठरलेला माणूस हे संरक्षण मागू शकत नाही.

पण त्याच फाइलीत दुसरी मागणी असते, आणि ती पहिल्या दिवसापासून लेखी असावी. 1984च्या छळविरोधी कराराचं कलम 3 पाच कारणं विचारत नाही आणि त्याला अपवादही नाही. छळ होण्याचा धोका आहे असं मानायला भक्कम आधार असला की परत पाठवता येत नाही. यातली मेख व्याख्येत आहे : या करारातला छळ सरकारी अधिकाऱ्याचा, किंवा त्याच्या संमतीने अथवा मूक संमतीने झालेला असावा लागतो. सशस्त्र गटाची मारहाण सहसा यात बसत नाही. सोमालियातल्या टोळ्या प्रत्यक्षात सरकारसारखा कारभार करत होत्या म्हणून या कराराखालच्या छळविरोधी समितीने 1999 मध्ये एल्मी विरुद्ध ऑस्ट्रेलिया प्रकरणात त्यांचा छळ यात बसतो असं मानलं, पण तो अपवादात्मक निकाल आहे. आमच्या मेकॅनिकसाठी म्हणून सरकारी नाक्याची भीती इथे पुढे आणावी, गटाची नाही. त्याच नाक्यांवर पकडलेल्यांचं काय होतं याचे अहवाल जोडावेत. तो युरोपीय मानवी हक्क कराराच्या देशात असेल तर गटाची भीतीही चालते. 1997च्या एच.एल.आर. विरुद्ध फ्रान्स निकालात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हे तत्त्व मान्य केलं, पण सरकार संरक्षण देऊ शकत नाही हे त्या अर्जदाराला दाखवता आलं नाही आणि तो हरला. देशाच्या सुरक्षेचं कारण पुढे करून परत न पाठवलं जाण्याचा हा हक्क तोलता येत नाही, हे याच न्यायालयाच्या 1996च्या चहल निकालापासून पक्कं आहे.

मुदती देशोदेशी वेगळ्या असतात, म्हणून नकाराच्या पत्रावर मी आधी दोन गोष्टी बघतो : अपिलाची शेवटची तारीख, आणि अपील चालू असताना परत पाठवणं आपोआप थांबतं की वेगळा अर्ज करावा लागतो. आपोआप थांबत नसेल तर स्थगितीचा अर्ज आधी आणि अपिलाचे मुद्दे नंतर. देशातले उपाय संपले की, त्या देशाने छळविरोधी कराराच्या कलम 22 खाली वैयक्तिक तक्रारी मान्य केल्या असतील तर समितीकडून अंतरिम उपाय मागता येतो. पत्रात कोणत्या देशात पाठवणार हेही वाचावं. दुसऱ्याच देशाचं नाव असेल आणि तो देश माणसाला पुढे मायदेशी ढकलत असेल, तर तेही परत पाठवणंच आहे. निर्वासित कराराच्या कलम 33 मध्ये 'कोणत्याही प्रकारे' हे शब्द आहेत. अशा वेळी स्थगितीच्या अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात त्या दुसऱ्या देशाचं नाव आणि तिथून पुढे काय होतं ते लिहावं, शटरची गोष्ट त्याच्या खाली.