लिटरेचर रिव्ह्यूत ३१ टक्के आले तेव्हा

माझ्या थिसिसचा विषय सीताबर्डीतल्या कपड्याच्या दुकानांतली सर्व्हिस क्वालिटी. त्यामुळे दुसऱ्या चॅप्टरमधे ती मोजायची सर्व्हक्वाल आणि सर्व्हपर्फ ही दोन मॉडेल्स येणारच होती, आणि मी एप्रिलच्या उन्हात कूलरसमोर बसून तीन आठवड्यांत तो चॅप्टर उरकला. प्लॅजिअरिझम तपासणीचा रिपोर्ट आला तर ३१ टक्के सिमिलॅरिटी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत पेनल्टी नाही, १० ते ४० मधे सापडलं की ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून परत द्यावं लागतं. पण मी तर कॉपी केलीच नव्हती नं, प्रत्येक वाक्यातले शब्द बदलले होते!

माझ्या गाइड मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि एकच परिच्छेद काढला, क्रोनिन आणि टेलर यांच्या १९९२ च्या लेखावरचा, जर्नल ऑफ मार्केटिंगमधला. मूळ वाक्यात जिथे ‘सिग्निफिकंट इफेक्ट’ होतं तिथे मी ‘इम्पॉर्टंट इम्पॅक्ट’ केलं होतं, बाकी वाक्य त्याच क्रमाने, तिथेच स्वल्पविराम. मॅडम म्हणाल्या, "अगं, कपडे तुझे पण हाडं तर त्यांचीच आहेत. आणि सिग्निफिकंट म्हणजे इथे महत्त्वाचं नाही, स्टॅटिस्टिकल टेस्टमधे निघालेलं. तू शब्द बदलला आणि अर्थ पण घालवला." त्यात ‘रिलायबिलिटी’चं मी ‘डिपेंडेबिलिटी’ केलं होतं, तर त्या हसल्याच, कारण सर्व्हक्वालच्या पाच डायमेन्शन्सची नावं ही नावंच आहेत, ती तशीच ठेवायची आणि १९८८ च्या मूळ लेखाचा संदर्भ द्यायचा.

खरी गंमत पुढे. परिच्छेदातलं सगळ्यात लाल वाक्य मूळ लेखाशी मॅचच होत नव्हतं, ते दुसऱ्याच एका नंतरच्या लेखाशी होत होतं. "ओरिजिनल वाचला का?" मी गप्प. झालं असं की चार उद्योगांची माहिती मी त्या दुसऱ्या लेखातून उचलली होती आणि संदर्भ थेट क्रोनिन-टेलरचा देऊन टाकला होता, म्हणजे न वाचलेला लेख वाचला असं सांगून राहिली होती. यावर दोनच रस्ते. एकतर मूळ लेख मिळवून वाचायचा, नाहीतर ‘अमुकने उद्धृत केल्याप्रमाणे’ असं लिहायचं, आणि एपीए पद्धतीत मग शेवटच्या यादीत फक्त आपण वाचलेला लेख येतो, मूळ नाही.

मी लायब्ररीतून मूळ लेख काढला. वाचला, बंद केला, आणि रूममेटला चहावर बोलून दाखवला की बघ, सर्व्हक्वाल काय करते तर ग्राहकाची अपेक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव यातला फरक मोजते, हे दोघं म्हणतात अपेक्षा कशाला मोजता, नुसता अनुभव मोजा. आणि हे त्यांनी बँक, पेस्ट कंट्रोल, ड्रायक्लीनिंग, फास्ट फूड अशा चार ठिकाणी तपासलं. ती म्हणाली, "मग कपड्याच्या दुकानाचं काय?" तोच प्रश्न माझ्या रिव्ह्यूचा धागा झाला आणि परिच्छेदाचा क्रम आपोआप बदलला. आता सुरुवात माझ्या दुकानांपासून झाली, मग त्यांचा मुद्दा आला, मग तो रिटेलला कितपत लागू होतो ते.

पण दुसऱ्या ड्राफ्टमधे उलटी चूक झाली. मी इतकी मोकळी झाली की लिहून बसली, ‘सर्व्हिस क्वालिटीचा खरेदीच्या इराद्यावर परिणाम होत नाही’. मूळ लेख परत उघडला तर त्यात होतं की समाधानाच्या तुलनेत तिचा परिणाम कमी. ‘कमी’ आणि ‘नाही’ यात किती फरक आहे, बापा! तेव्हापासून लिहून झाल्यावर लेख उघडून प्रत्येक दावा एकदा ताडून पाहते, आणि नोट्सच्या वहीत हुबहू उतरवलेल्या ओळीला अवतरणचिन्ह आणि पान नंबर तिथल्या तिथे टाकते. नाहीतर महिन्याने तेच वाक्य आपलंच वाटते.

संदर्भ कुठे टाकायचा हेही शिकली. आधी पूर्ण परिच्छेदाच्या शेवटी एक कंस, आता ‘क्रोनिन आणि टेलर (१९९२) यांच्या मते’ असं सुरुवातीलाच, म्हणजे त्यांचं कुठे संपलं आणि माझं कुठे सुरू झालं ते दिसते.

दुसरा रिपोर्ट ८ टक्के. उरलेलं बहुतेक मॉडेलची नावं आणि ‘कस्टमर सॅटिस्फॅक्शन’सारखे शब्द, ते काढायला मी गेलीच नाही. मॅडमनी चॅप्टर पाहिला, एका अवतरणावर पेन ठेवला आणि विचारलं, "याचा पान नंबर कुठे आहे?"