गुडघा एकच, तक्ते दोन: ऱ्हुमॅटिक फीवरच्या प्रश्नाचा माझा अनुभव

पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी करताना हृदयरोगाचा बाकीचा सगळा भाग मी दोन आठवड्यांत वाचून संपवला आणि घशाच्या संसर्गानंतर सांधे व हृदयाच्या झडपांवर परिणाम करणाऱ्या ऱ्हुमॅटिक फीवर या आजाराच्या एका प्रश्नापाशी जवळजवळ महिनाभर अडकले. मी त्या वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. दिवसभर बाह्यरुग्ण विभाग आणि रात्री सराव चाचण्या असा क्रम होता. ज्या सराव चाचणीत हा प्रश्न आला तिच्या उत्तरसूचीचा राग अजून पूर्णपणे गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रश्न साधारण असा होता. ग्रामीण भारतातील ११ वर्षांची मुलगी, उजवा गुडघा चार दिवसांपासून सुजलेला, गरम आणि हात लावू न देण्याइतका दुखणारा. ताप ३८.२ अंश सेल्सियस. शरीरातील दाह दाखवणारी रक्तचाचणी ईएसआर पहिल्या तासाला ४८ मिलिमीटर, स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संसर्ग होऊन गेल्याची खूण असलेला एएसओ स्पष्टपणे वाढलेला. गुडघ्यातून काढलेल्या पाण्यात जंतू नाहीत. स्टेथोस्कोपने मर्मर, म्हणजे हृदयाचा जादा आवाज, ऐकू येत नाही आणि ईसीजीमधील पीआर अंतर वयाच्या मानाने ठीक आहे. या मुलीला ऱ्हुमॅटिक फीवर म्हणता येईल का?

मी ‘होय’ म्हटले. उत्तरसूचीत ‘निकष पूर्ण होत नाहीत’ असे होते आणि स्पष्टीकरण म्हणून खाली पाच प्रमुख निकषांचा तो सर्वांना पाठ असलेला तक्ता चिकटवलेला होता: हृदयाचा दाह म्हणजे कार्डायटिस, अनेक सांध्यांचा दाह, हातापायांच्या अनैच्छिक हालचाली म्हणजे कोरिया, त्वचेवरील कडा असलेले लालसर चट्टे आणि त्वचेखालच्या गाठी. एकच सांधा सुजला आहे, म्हणून प्रमुख निकष शून्य, असा त्यांचा हिशेब. मी हरकतीचा अर्ज भरला. त्या अर्जात कारण लिहिण्यासाठी जेमतेम तीन ओळींची जागा होती. एकोणीस दिवसांनी उत्तर आले, ते एकाच ओळीचे: ‘पाठ्यपुस्तकातील तक्त्याप्रमाणे उत्तर योग्य आहे.’ कोणत्या वर्षाचा तक्ता, हे सांगण्याची तसदी कोणी घेतलेली नव्हती, आणि सगळा प्रश्न नेमका तिथेच होता.

डकेट जोन्स यांनी हे निकष १९४४ मध्ये मांडले. त्यानंतर ते अनेकदा सुधारले गेले आणि २०१५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने केलेल्या सुधारणेत एक मूलभूत बदल झाला. रुग्ण कोणत्या लोकसमूहातला आहे ते आधी पाहायचे आणि मगच निकष लावायचे. जिथे शाळकरी वयाच्या एक लाख मुलांमागे वर्षाला दोनपेक्षा जास्त नवे रुग्ण आढळत नाहीत तो कमी जोखमीचा समूह. बाकीचे मध्यम किंवा जास्त जोखमीचे. यामागचा विचार मला फार पटतो. जिथे हा आजार दुर्मीळ आहे तिथे सैल निकष लावले तर भलत्याच मुलांवर वर्षानुवर्षे पेनिसिलिनची इंजेक्शने लादली जातील. जिथे तो घरोघरी सापडतो तिथे कडक निकष लावले तर खरे रुग्ण सुटतील आणि पुढे झडप खराब झाल्यावरच भेटतील.

आता हीच मुलगी दोन्ही तक्त्यांत बसवून पाहा. कमी जोखमीच्या तक्त्यात एका सांध्याचा दाह प्रमुख निकष नाही. ताप आणि ईएसआर हे गौण निकष. ताप ३८.५ अंश किंवा त्याहून जास्त हवा, तिचा ३८.२ आहे. ईएसआर ६० किंवा अधिक हवा, तिचा ४८ आहे. म्हणजे प्रमुख शून्य, गौणही शून्य. जास्त जोखमीच्या तक्त्यात मात्र एकाच सांध्याचा दाहसुद्धा प्रमुख निकष ठरतो, ताप ३८ अंशांपासून मोजला जातो आणि ईएसआर ३० पासून. म्हणजे एक प्रमुख, दोन गौण, आणि नुकत्याच होऊन गेलेल्या स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गाचा पुरावा म्हणून एएसओ. पहिल्या झटक्यासाठी दोन प्रमुख, किंवा एक प्रमुख आणि दोन गौण, अशी अट असते. ती इथे पूर्ण होते. प्रश्नातील ‘ग्रामीण भारतातील’ हे शब्द शोभेसाठी घातलेले नव्हते. ग्रामीण भारत जास्त जोखमीत मोडतो आणि उत्तर त्यावरच अवलंबून होते. ३८.२ आणि ४८ हे आकडेही दोन तक्त्यांच्या बरोबर मधल्या पट्ट्यातले आहेत, हे प्रश्न तयार करणाऱ्याला माहीत असणार. उत्तर लिहिणाऱ्याला ते माहीत नव्हते.

त्या एकोणीस दिवसांत मी स्वतःच्याही दोन चुका शोधल्या. पहिली म्हणजे सुजलेला सांधा प्रमुख निकष म्हणून मोजल्यावर त्याच मुलीची सांधेदुखी मी पुन्हा गौण निकषात धरत होते. तसे चालत नाही. सांध्याची तक्रार एकदाच मोजायची. पीआर अंतराचेही तसेच आहे. कार्डायटिस प्रमुख म्हणून धरला असेल तर लांबलेले पीआर वेगळे गौण म्हणून जोडता येत नाही. दुसरी चूक अधिक गंभीर होती. गुडघ्यातील पाणी जंतुरहित आहे, हे वाक्य मी वाचून पुढे सरकले होते. प्रत्यक्षात एकच सांधा सुजला असेल तर पू झालेला सांधा आधी वगळावा लागतो, कारण तो सुटला तर काही दिवसांत सांधाच निकामी होतो. एका सांध्याला प्रमुख निकषाचा मान फक्त ही तपासणी झाल्यावरच मिळतो.

आमच्या केंद्रात याच्याशी जोडलेली आणखी एक अडचण रोज दिसायची. मूल लंगडत आले की आधीच कुणीतरी वेदनाशामक गोळ्या दिलेल्या असतात. या आजाराचा सांधेदाह ॲस्पिरिन किंवा तत्सम औषधाने एक-दोन दिवसांत इतका झपाट्याने उतरतो की एका सांध्यातून दुसऱ्यात सरकण्याचा त्याचा स्वभाव दिसतच नाही, आणि अनेक सांध्यांचा दाह कागदावर एका सांध्याचा होतो. त्यामुळे ‘सूज कधी आली’ याबरोबरच ‘कोणती गोळी कधी घेतली’ हेही विचारून लिहून ठेवावे. निदान नक्की होईपर्यंत ताप आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉलवर भागवता आले तर चित्र स्पष्ट राहते.

प्रश्नात इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, उल्लेख नव्हता, पण २०१५ च्या सुधारणेनुसार संशयित प्रत्येक रुग्णाचा इको करावा लागतो, मर्मर ऐकू येवो वा न येवो. कानाला न कळणारी पण डॉपलरवर दिसणारी गळतीही कार्डायटिस म्हणून, म्हणजे प्रमुख निकष म्हणून धरली जाते. मात्र निरोगी मुलांमध्येही मायट्रल झडपेतून किंचित रक्त मागे येते, म्हणून आजारी गळतीसाठी चारही अटी लागतात: ती दोन वेगवेगळ्या दृश्यांत दिसली पाहिजे, निदान एका दृश्यात तिची लांबी दोन सेंटिमीटर भरली पाहिजे, वेग सेकंदाला तीन मीटरपेक्षा जास्त हवा आणि ती संपूर्ण आकुंचनभर टिकली पाहिजे. अहवालात नुसते ‘किंचित गळती’ असेल तर हे तपशील मागून घ्यावेत.

पुढचा प्रश्न याच मुलीवर होता: तिला दीर्घकाळ पेनिसिलिन का द्यायचे? इथे मी हृदयाच्या आतील आवरणाचा जंतुसंसर्ग टाळण्यासाठी, असे उत्तर दिले आणि चुकले. ही चूक माझीच होती. दर तीन आठवड्यांचे पेनिसिलिन घशातील अ गटाच्या स्ट्रेप्टोकोकसला पुन्हा पाय रोवू न देण्यासाठी असते. झडपेवर जंतू बसलेले नसतात. या जंतूच्या प्रथिनांचे हृदयाच्या ऊतींशी साम्य असल्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्या झडपेवर उलटते, आणि एकदा ती तशी उलटली की पुढच्या प्रत्येक संसर्गात पुन्हा उलटण्याचा धोका असतो. पहिल्या झटक्यात झडप अनेकदा जराशीच जाड होते. खरी हानी पुढच्या झटक्यांची भर पडत गेल्याने होते. म्हणून पेनिसिलिन झालेला व्रण बुजवत नाही, नवा व्रण होऊ देत नाही. नवे झटके थांबले तर सौम्य गळती कालांतराने कमीही होऊ शकते.

मग घसा दुखला की औषध दिले तर चालणार नाही का, असे मलाही वाटले होते. अनेक रुग्णांना आधी घसा दुखल्याचे आठवतच नाही, कारण संसर्ग लक्षणांशिवायही होतो. पहिला झटका टाळायचा असेल तर घशाच्या संसर्गावर सुरुवातीच्या नऊ दिवसांत पेनिसिलिन दिल्याने उपयोग होतो. एकदा आजार होऊन गेलेल्या मुलीच्या बाबतीत घसा दुखण्याची वाट पाहणे परवडत नाही.

आमच्या केंद्रात अशी एक मुलगी दर २१ दिवसांनी यायची. बेंझाथिन पेनिसिलिनची पूड पाण्यात विरघळत नाही, दुधासारखी तरंगत राहते, आणि बारीक सुईत अडकते. पहिल्यांदा माझ्या हातून सुई तुंबली, मुलीला दुसऱ्यांदा टोचावे लागले आणि तिची आई माझ्याकडे न बोलता पाहत राहिली. तेव्हापासून मी बाटली चांगली हलवून, २१ क्रमांकाची सुई लावून, भरल्यावर क्षणभरही न थांबता, पण टोचताना सावकाश आणि सलग दाब देत इंजेक्शन देते. २७ किलो किंवा त्याहून जास्त वजनाला १२ लाख युनिट, त्याखाली ६ लाख. चौथ्या आठवड्यात रक्तातील औषधाची पातळी बऱ्याच रुग्णांमध्ये अपुरी पडते, म्हणून आपल्याकडे २१ दिवसांचे अंतर पाळतात. ॲलर्जीची चौकशी आधी करावी, ॲड्रिनलिन हाताशी ठेवावे आणि रुग्णाला थोडा वेळ बसवून ठेवावे.

किती वर्षे, हा प्रश्न मला वयाच्या उदाहरणानेच लक्षात राहिला. कार्डायटिस झालाच नसेल तर पाच वर्षे किंवा वयाच्या २१ पर्यंत, कार्डायटिस होऊन झडप ठीक राहिली असेल तर दहा वर्षे किंवा २१ पर्यंत, आणि झडपेत दोष उरला असेल तर दहा वर्षे किंवा ४० पर्यंत. प्रत्येक वेळी जे जास्त भरेल ते. आमच्या ११ वर्षांच्या मुलीला पहिल्या दोन्ही प्रकारांत २१ हेच उत्तर येते, म्हणून त्या वयावर सराव केला तर फरक कळत नाही. १९ वर्षांचा रुग्ण घ्या: पहिल्या प्रकारात २४, दुसऱ्यात २९, तिसऱ्यात ४०.

एक गोष्ट वर सांगायची राहिली. आधी झटका येऊन गेलेल्या रुग्णात संसर्गाचा पुरावा असेल तर पुनरावृत्तीचे निदान नुसत्या तीन गौण निकषांवरही करता येते. आणि कोरिया संसर्गानंतर काही महिन्यांनीही येतो, तोवर एएसओ उतरलेला असू शकतो. म्हणून इतर कारणे वगळल्यावर एकट्या कोरियासाठी तो पुरावा मागितला जात नाही. त्या सराव चाचणीच्या तक्त्यात ही दोन्ही वाक्ये नव्हती, आणि माझ्या शेवटच्या हरकतीचे उत्तर अजून आलेले नाही.