साबुदाणा खिचडीचं कार्ड: पाण्याने काढलेला घाम

आमचं उपाहारगृह दादरला, आणि आता दुसरी जागा मुलुंडला. रेसिपी कार्डं लिहायला घेतली ती मुलुंडच्या गिऱ्हाइकांमुळे. ‘दादरची खिचडी मोकळी असते, इथे गोळा देता’, हे काउंटरवर दर एकादशीला ऐकून कान किटले होते.

बटाटावडा, थालीपीठ, कोथिंबीर वडी यांची कार्डं विनातक्रार झाली. घोडं अडलं ते खिचडीवर. दादरचे काका म्हणाले, “ताई, साबुदाणा धुवायचा, बोटाच्या पेराएवढं पाणी ठेवायचं, झालं.” आता पेर कुणाचं? आणि पातेलं पसरट असेल तर तेवढ्याच पेरात कितीतरी जास्त पाणी मावतं. म्हणून मी कार्डावर लिहिलं: साबुदाणा एक किलो, धुऊन, पाणी ८०० ग्रॅम. तरी खिचडी एक दिवस मोकळी, दुसऱ्या दिवशी चिकट. दोन्हीकडचे आचारी कार्डाप्रमाणेच करत होते. मी समोर उभी राहून पाहिलंय, त्यामुळे त्यांच्यावर ढकलायचीही सोय नव्हती.

शेवटी धुतलेला साबुदाणाच काट्यावर ठेवला, तेव्हा चोर सापडला. धुतल्यावर दाण्यांना आणि चाळणीला पाणी चिकटून राहतं. काका चाळणी आपटून आपटून निथळतात, मुलुंडचा मुलगा नुसती तिरकी धरतो. म्हणजे मोजून घातलेलं ८०० ग्रॅम दोघांचं सारखं, पण न मोजता आत गेलेलं पाणी निराळं. साबुदाणा ते सगळंच पितो.

आता कार्डावर पाण्याचा आकडाच नाही. रिकामं पातेलं काट्यावर ठेवून शून्य करायचं. एक किलो कोरडा साबुदाणा मोजून घ्यायचा, धुवायचा, निथळायचा, त्या पातेल्यात टाकायचा आणि एकूण वजन १८०० ग्रॅम होईपर्यंत पाणी ओतायचं. कोणी कसंही निथळो, बेरीज तीच. मग झाकून रात्रभर. मध्ये एकदा हाताने हलवायचा, नाहीतर तळाचा दाणा फुगतो आणि वरचा कोरडा राहतो. १८०० हा आकडा आमच्या मालाचा आहे. दाण्याचा आकार बदलला की तोही बदलतो, म्हणून नवी गोणी उघडली की आधी १०० ग्रॅम भिजवून बघतो.

बघतो म्हणजे काय, हे मात्र शब्दांत मांडता येईना. ‘मऊ भिजलेला’ म्हटलं की प्रत्येकाचं मऊ वेगळं. इथे फोटो कामाला आला. काळ्या ताटलीत चिमटीने दाबलेले तीन दाणे: पहिल्याच्या मधोमध पांढरा कडक ठिपका, दुसरा सपाट होऊनही कडेने अखंड, तिसऱ्याचा लगदा. खाली एवढंच लिहिलं, ‘मधला हवा’. सजवलेल्या प्लेटचा फोटो सगळेच काढतात. आचाऱ्याला तो फार उपयोगाचा नाही, कारण प्लेट भरेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. फोटो एकाच जागी, एकाच दिव्याखाली काढा. पिवळ्या दिव्यात कच्चा कूटही खरपूस दिसतो.

मिठाचं सांगायचं राहिलं. उपासाला आम्ही सैंधव वापरतो. जाडं सैंधव आणि बारीक दळलेलं, चमचा तोच पण वजन वेगळं, त्यामुळे खारटपणाही वेगळा. कार्डावर ३० ग्रॅम आहे, चमचा नाही. मोठा काटा इतक्या कमी वजनाला भरवशाचा नाही, एक ग्रॅम दाखवणारा छोटा काटा वेगळा ठेवा. बटाटा ५०० ग्रॅम लिहिलाय तो उकडून सोललेला. पोत्यातून ५०० ग्रॅम काढाल तर सालीत कमी पडेल. कूट ४०० ग्रॅम, तोही भाजून सोललेल्या दाण्यांचा. तूप १५०. मिरचीला मात्र वजन पुरत नाही, तिचा तिखटपणा पोत्यागणिक बदलतो. तिथे ‘कूट मिसळल्यावर चाखा’ असं लिहून मी हात टेकले.

‘मध्यम आच’ हे शब्दही खोडले, कारण दोन्हीकडचे बर्नर वेगळे आहेत. त्याजागी आलं: दाणा काचेसारखा दिसायला लागला की गॅस बंद. एवढ्या साबुदाण्याच्या बाराएक प्लेटी होतात, प्लेट २२० ग्रॅमची. हा सगळा घाणा एका कढईत कोंबायचा नाही, दोनदा परतायचा. कढई गच्च भरली की वाफ आतच कोंडते आणि नीट भिजलेला साबुदाणाही गोळा होतो. गर्दीच्या वेळी हेच आधी मोडलं जातं. म्हणून ही ओळ लाल अक्षरात आहे, आणि कार्ड लॅमिनेट करून शेगडीसमोर डोळ्यांच्या उंचीवर लावलंय.

कोपऱ्यात तारीख टाका. आकडा सुधारला की दोन्हीकडची जुनी कार्डं स्वतः काढून आणा. मुलुंडला डब्यांच्या मागे ८०० ग्रॅमवालं कार्ड मला नंतरही सापडलं, आणि त्याच्यावर बघूनच भिजवणं चालू होतं.