अडीचशे गेले, दीडशे राहिले: शिरोलीच्या गिऱ्हाइकाला लिहिलेला मेल

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. डिस्पॅचचं आणि गिऱ्हाइकांना मेल करायचं काम माझ्याकडे असतं. दिवाळीनंतर, २०२५च्या ऑक्टोबरअखेरीस, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका गिऱ्हाइकाचा माल जायचा होता: ४०० पंप बॉडी आणि त्यांची ४०० कव्हरं. कव्हरं सगळी तयार होती. बॉडीचा बोअर मारताना मात्र आत ब्लो होल दिसायला लागले. ओतकामात अडकलेल्या गॅसची ही पोकळी बाहेरून कळत नाही, वरचा थर निघाला की उघडी पडते. शेवटी २५० बॉडी पास झाल्या आणि १५० साठी फाउंड्रीला नव्यानं ओतायला सांगावं लागलं.

मालक म्हणाले, “एवढं सविस्तर कशाला? बाकीचा माल लवकरच पाठवतो म्हणून लिहून टाक की.” पण ‘लवकरच’ वाचून तिकडच्या परचेसवाल्या साहेबांना लाइनवर काय लावायचं ते ठरवता येत नाही. ते दिवसातून तीनदा फोन करणार आणि तो फोन मलाच घ्यावा लागणार.

म्हणून आधी फाउंड्रीच्या सुपरवायझरला गाठून तारखा मांडल्या. ओतणार ३१ ऑक्टोबरला. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी, २ ला रविवार. ही एक तारखेची सुट्टी कोल्हापुरात नसते, त्यामुळे न सांगितल्यास तिकडचा माणूस तो दिवस कामाचाच धरतो. ३ ला साचे फोडून फेटलिंग, म्हणजे कास्टिंगची साफसफाई, ४ ला कास्टिंग आमच्याकडे. आमच्या मशीनवर दिवसाला साठेक बॉडी होतात, म्हणजे ५ ते ७ मशीनिंग. ८ ला तपासणी करून टेम्पो भरायचा, सोमवारी १० ला शिरोली. मी मेलमध्ये ११ लिहिली. एक दिवस हाताशी ठेवला आणि ओतायलाही १५० ऐवजी १७० सांगितल्या, कारण नव्या कास्टिंगमध्येही काही रिजेक्ट निघणारच.

दुसरा प्रश्न कव्हरांचा. ४०० तयार आहेत म्हणून ४०० पाठवली, तर दीडशे कव्हरं त्यांच्या स्टोअरमध्ये बॉडीची वाट बघत पडणार आणि त्यांचे पैसे मात्र आत्ताच मागितले जाणार. म्हणून जोडीच पाठवायची ठरवली. मेल असा गेला:

“विषय: पंप बॉडी व कव्हर – २५० सेट तयार, १५० सेट ११ नोव्हेंबरपर्यंत

साहेब, नमस्कार.
आपल्या ४०० सेटच्या ऑर्डरपैकी २५० सेट तयार आहेत. १५० बॉडी ब्लो होलमुळे आम्ही तपासणीत बाद केल्या. त्या नव्यानं ओतून घेत आहोत.

पर्याय १: २५० सेट २९ ऑक्टोबरला निघून ३० ला आपल्याकडे. उरलेले १५० सेट ११ नोव्हेंबरपर्यंत. दुसऱ्या खेपेचं भाडं आमचं.
पर्याय २: सगळे ४०० सेट एकदम, ११ नोव्हेंबरपर्यंत.
पर्याय ३: २५० सेट आता, १५० ची ऑर्डर रद्द. त्यांचा ॲडव्हान्स परत.

उद्या दुपारी १२ पर्यंत कळवावे. उत्तर आलं नाही तर काहीही न पाठवता मी फोन करीन. ११ तारीख कास्टिंग ४ ला येण्यावर अवलंबून आहे. ४ ला संध्याकाळी, आली असोत वा नसोत, मी मेल करीन.”

‘उत्तर नाही तर पर्याय १ समजू’ असं लिहायचा मोह झाला होता. पण विचारल्याशिवाय अर्धा माल गेला तर काही ठिकाणी स्टोअरवाले तो उतरवूनच घेत नाहीत, आणि परतीचं भाडं आपल्या गळ्यात पडतं.

उत्तर तासाभरात आलं: पर्याय १, पण १५० पैकी ५० सेट ७ तारखेला मिळतील का? ५ आणि ६ मिळून शंभरावर बॉडी होणार होत्या, त्यामुळे ५० ची तपासणी ६ च्या संध्याकाळी उरकणं शक्य होतं. हो म्हणून लिहिलं. त्यांचाच टेम्पो बेळगावात येणार होता, म्हणून भाड्याचाही प्रश्न मिटला.

बिलाचं मात्र सांभाळावं लागतं. ४०० चं एकच बिल फाडून २५० पाठवले तर त्यांच्या इनवर्डला आकडा जुळत नाही आणि पेमेंट अडकतं. जेवढा माल गाडीत, तेवढ्याचंच बिल. माल राज्याबाहेर जातो म्हणून आयजीएसटी, आणि पन्नास हजारांवरच्या प्रत्येक खेपेला वेगळं ई-वे बिल. प्रत्येक बिलाखाली मी एक ओळ टाकली: ऑर्डर ४००, आधी पाठवले इतके, आता इतके, बाकी इतके.

४ तारखेला कास्टिंग आली, पण दुपारी चारनंतर. संध्याकाळी मेल केला: कास्टिंग मिळाली, ७ आणि ११ या तारखा कायम. शेवटचे १०० सेट १० ला पोचले.