लाइन गेली होती, तरी टेस्टर पेटला

मे महिन्यातली दुपार, दारव्हा तालुक्यातलं एक गाव. काकूंचा फोन आला म्हणून गेलो. "मोटरचं बटन ढिल्लं झालं भाऊ. दाबलं का चरचर करते, अन् जळका वास येते."

लाइन सकाळपासून गेलेली. मी मेनची एमसीबी खाली करायला निघालो, तर काका म्हणाले, "लाइन तं हायेच नाही, मंग कायले बंद करता?" मी वर बोट दाखवलं. पंखा फिरत होता. पंख्याचं बटण त्याच बोर्डात, इन्व्हर्टरच्या वायरवर. मेन खाली करून प्लेट काढली. मोटरच्या बटणावर टेस्टर विझलेला, पण शेजारच्या पंख्याच्या स्क्रूवर लखलखीत पेटला. दोन्हींत बोटभर अंतर. उघड्या बोर्डात हात घालणाऱ्याला ते पुरेसं आहे.

इन्व्हर्टरही बंद केला. नुसतं त्याचं बटण बंद करून भागत नाही. लाइन असेल तर बायपासमधून ती पुढे जातच राहते, म्हणून मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद लागतात. आता पंखा थांबला. टेस्टर विझला म्हणजे लाइन नाही, असं मी लगेच मानत नाही, कारण टेस्टरच बिघडलेला असू शकतो. या वेळी तो आत्ताच पंख्यावर पेटलेला पाहिला होता. मग प्रत्येक स्क्रूला लावून पाहिला आणि फ्रेम बाहेर ओढली.

बटणाच्या मागे प्लास्टिक तपकिरी पडून फुगलेलं. वायरच्या अर्ध्याच तारा टर्मिनलमध्ये, बाकीच्या बाहेर, आणि स्क्रू हातानं फिरत होता. एवढ्याशा जागेतून मोटरचा करंट जायचा, जागा तापायची, तापून स्क्रू आणखी सैल व्हायचा. आत ठिणगी पडून कॉन्टॅक्ट खडबडीत झाले होते, चरचर तीच. उष्णतेनं स्प्रिंगचा ताण गेला, म्हणून बटण लुळं पडलं.

मूळ चूक मात्र वेगळी होती. बटण ६ अँपिअरचं आणि त्यावर १ एचपीची मोटर. ती चालताना पाच-सहा अँपिअर घेते, सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. तसंच नवीन बटण लावलं असतं तर पुढच्या उन्हाळ्यात काकूंचा पुन्हा फोन आला असता. वायर २.५ स्क्वेअर एमएमची निघाली, म्हणून १६ अँपिअरचं लावता आलं. ती बारीक असती तर आधी वायर बदलायला सांगितलं असतं.

काळी पडलेली वायर लख्ख तांबं दिसेपर्यंत कापली, सेंटीमीटरभर सोलली, सगळ्या तारा पिळून आत घातल्या, स्क्रू घट्ट केला आणि प्रत्येक वायर ओढून पाहिली. प्लेट बसवल्यावरच मेन वर केला.

संध्याकाळी लाइन आली. वीस मिनिटं मोटर चालल्यावर काकूंनी प्लेटवर हात ठेवला. "थंडी हाय," म्हणाल्या.